रंगीत लाइटमधल्या फोटोत केसांचा रंग बदलायचा, पण लाइटची छटा तशीच ठेवायची

प्रश्न: संगीतच्या कार्यक्रमाचा फोटो आहे. नवरीच्या बहिणीचे केस काळे आहेत, तिला ते कॉपर हवेत. डाव्या बाजूने मजेंटा लाइट आहे, उजवीकडून मागून निळा. फोटोशॉपमध्ये Color मोडवर रंग दिला की केस टोपीसारखे वरून चिकटवल्यासारखे दिसतात आणि लाइटचा रंग गायब होतो. काय चुकतंय?

उत्तर: चूक तुमच्या ब्रशची नाही, Color मोडचीच आहे. हा मोड खालच्या पिक्सेलचा फक्त उजेड ठेवतो. त्याची रंगछटा आणि रंगाचा गडदपणा काढून तिथे तुमचा रंग बसवतो. लाइटची झाक नेमकी त्या छटेतच असते, म्हणून सगळ्यात आधी तीच जाते.

आकड्यांत बघा. समजा, डावीकडे मजेंटा उजेडात केसांचा एक पिक्सेल आहे R 58, G 9, B 52. उजवीकडे निळ्यात दुसरा आहे R 10, G 14, B 62. दोन्हींवर Color मोडमध्ये तांबूस रंग टाकला की पहिला होतो जवळपास 56, 19, 0 आणि दुसरा 36, 12, 0. म्हणजे दोन्हीकडे एकच तपकिरी, फक्त एक थोडा उजळ. निळा दोन्हीकडे शून्य. ज्या कोपऱ्यात निळ्याशिवाय दुसरा उजेडच नाही, तिथल्या केसांत निळा शून्य कसा असेल? टोपी दिसते ती यामुळे. शिवाय उजेड जुनाच राहतो, त्यामुळे काळे केस तांबूस झाले तरी तेवढेच काळवंडलेले राहतात.

खऱ्या केसांचं गणित गुणाकाराचं आहे. दिव्यातून लाल, हिरवा, निळा जेवढा येतो, त्यातला ठरावीक वाटा केस परत पाठवतात. कॅमेऱ्यात पोचतो तो या दोन्हींचा गुणाकार. काळे केस तिन्ही रंग अगदी थोडे, पण जवळपास सारख्याच वाट्याने परत पाठवतात. ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे, कारण फोटोतले काळे केस लाइटचा रंग मोजणाऱ्या ग्रे कार्डासारखे वागतात. केसांवर जी छटा दिसते आहे ती सगळी लाइटची आहे, केसांची नाही. तेव्हा ती छटा पुसायची नाही, तिला गुणायचं. काळ्यापेक्षा कॉपर केस लाल किती पट जास्त परत पाठवतात, हिरवा किती पट आणि निळा किती पट, एवढे तीन आकडे मिळाले की काम झालं.

ते आकडे मिळवायला साध्या दिवसाच्या उजेडात काढलेला, तुम्हाला हव्या त्या कॉपर केसांचा फोटो घ्या. सावलीत काढलेला आणि व्हाइट बॅलन्स नीट असलेला असावा. आयड्रॉपर 5 by 5 Average वर ठेवून केसांच्या मधल्या टोनवर क्लिक करा. चमकही नको, बटांमधली सावलीही नको. समजा आकडे आले १५८, ९३, ५९. आता तिन्हींना सगळ्यात लहान आकड्याने भागा. लाल २.६८, हिरवा १.५८, निळा १.

लहान आकड्याने भागायचं कारण असं. फिकट केस कुठल्याच रंगात काळ्या केसांपेक्षा कमी उजेड परत पाठवत नाहीत. कॉपरमध्ये निळा सगळ्यात कमी परततो, पण काळ्यापेक्षा कमी नाही. म्हणून निळ्याला १ वर धरायचं आणि बाकीचे वर न्यायचे. पुष्कळ जण उलट करतात, म्हणजे तांबूस रंगाचा सॉलिड लेयर Multiply वर टाकतात. गुणाकार बरोबर आहे, पण Multiply फक्त अंधार करू शकतो. निळ्या बाजूचे केस मग मूळ काळ्यापेक्षाही काळे होतात आणि फोटोला तिथे भोक पडल्यासारखं वाटतं.

(उजेडाचं गणित गॅमा लावलेल्या आकड्यांवर कसं चालेल, असं कोणी विचारेल. गुणाकाराला ते चालतं. दोन संख्यांचा गुणाकार करून गॅमा लावा किंवा गॅमा लावून गुणाकार करा, उत्तर एकच. बेरजेचं तसं नाही, ते खाली धुराच्या वेळी येईल.)

आता हा गुणाकार फोटोशॉपमध्ये करायचा कसा? Levels मध्ये चॅनेलनिहाय पांढरा स्लायडर आत ओढला की शुद्ध गुणाकार होतो, पण लालमध्ये ९५ च्या वरचं सगळं २५५ ला जाऊन फुटतं आणि केसांवरची चमक सपाट होते. मधला राखाडी स्लायडर तर अजिबात वापरू नका. तो गुणत नाही, घात बदलतो. त्याने चॅनेलमधलं अंतर कमी होतं आणि लाइटची झाक धुतल्यासारखी फिकी पडते. केस उजळ केले की मजेंटा राखाडी होतो, अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुतेक वेळा हा स्लायडर असतो.

मी यासाठी Curves अ‍ॅडजस्टमेंट लेयर वापरतो, ब्लेंड मोड Normal. RGB च्या एकत्र कर्व्हला हात लावायचा नाही, चॅनेल एकेक करून निवडायचे आणि हे बिंदू टाकायचे (डावा आकडा इनपुट, उजवा आउटपुट):

```
Red     0→0   60→161   140→225   255→255
Green   0→0   60→95    255→255
Blue    0→0   255→255
```

६० ला २.६८ ने गुणलं की १६१ आणि १.५८ ने गुणलं की ९५, बिंदू तिथून आले. तुमचा रंग वेगळा असेल तर ६० च्या समोरचे आकडे याच रीतीने काढा. लालमधला १४० चा बिंदू मात्र गाळू नका. तो नसेल तर कर्व्ह वर जाताना २५५ ची रेघ ओलांडतो आणि वरची चमक सपाट होते. कर्व्ह बघूनच कळतं: उजव्या वरच्या कोपऱ्यात पोचण्याआधीच तो छताला टेकलेला दिसतो.

हा लेयर लागल्यावर मजेंटा बाजूचा 58, 9, 52 साधारण 157, 15, 52 होतो, म्हणजे किरमिजीकडे झुकणारा उजळ लाल. निळ्या बाजूचा 10, 14, 62 साधारण 31, 23, 62 होतो, म्हणजे मळकट जांभळट निळा. पहिल्यांदा बघताना हे कॉपर वाटत नाही, आणि तसंच असायला हवं. कॉपर केसांची मुलगी खरोखर त्या स्टेजवर उभी राहिली असती तर निळ्या बाजूला तिचे केस तांबूस दिसलेच नसते. पूर्ण फोटोत, शेजारच्या चेहऱ्यासकट बघितलं की डोळा आपोआप लाइट वजा करतो आणि केस कॉपर वाटतात.

कर्व्हच्या वरच्या टोकाचं आणखी एक काम आहे. केसांवरची सगळ्यात तेज चमक केसाच्या आत शिरतच नाही, बाहेरच्या गुळगुळीत थरावरूनच परत फिरते. त्यामुळे तिला केसाचा रंग लागत नाही, ती शुद्ध लाइटच्या रंगाची असते. तिच्या शेजारी जी थोडी मंद आणि पसरट चमक दिसते, ती आत जाऊन परत आलेली असते आणि तिला रंगद्रव्याची झाक असते. या कर्व्हमध्ये वर जाताना पट कमी होत जाते, म्हणून 200, 40, 190 ची चमक जेमतेम 241, 65, 190 होते, मजेंटाच राहते. चमकही नारिंगी झालेली दिसली तर समजा की लालचा वरचा बिंदू फार उंच आहे.

मास्क करताना आधी चॅनेल एकेक करून बघा, Ctrl+3 लाल, Ctrl+4 हिरवा, Ctrl+5 निळा, परत यायला Ctrl+2. मजेंटा आणि निळ्या लाइटच्या फोटोत हिरव्यात बहुतेक नॉइजच असतो, त्याच्यावरून मास्क केला तर कडा खरबरीत येते. मागून निळा लाइट असेल तर निळ्या चॅनेलमध्ये केस काळे आणि मागचं उजळ असं स्वच्छ वेगळं दिसतं. त्या चॅनेलची प्रत करा, Ctrl+I ने उलटा, Ctrl+L ने थोडा ताणा, चेहरा आणि कपडे काळ्या ब्रशने भरा. लगेच Ctrl दाबून त्या चॅनेलवर क्लिक केलं की सिलेक्शन तयार. Select and Mask मधलं Refine Hair चांगलं आहे, पण रंगीत धुरासमोर ते कधीकधी धुराचे पट्टेही केस म्हणून उचलतं, तेवढं तपासा.

मास्कमधून भांग काढून टाका. ती त्वचा आहे, तिच्यावर लाल २.६८ पट झाला की डोक्याला खरचटल्यासारखं दिसतं. कपाळाजवळच्या बारीक केसांवर मास्क हळूहळू विरळ करा. पिना, क्लिप आणि गजराही मास्कबाहेर. गजरा नुसता वाचवायचा नाही, तो पुढे फार उपयोगी पडणार आहे.

स्टेजवर धुराचं मशीन चालू असेल तर एक पायरी जास्त करावी लागते. केस आणि कॅमेरा यांच्यामध्ये आलेला धूर स्वतः उजळलेला असतो आणि तो उजेड केसांच्या उजेडात मिळवला जातो. तो गुणला गेला तर धूरही तांबूस होतो आणि केसांवर गंजाचा थर आल्यासारखं दिसतं. ओळखायचं कसं? केसांच्या दोन बटांमधल्या सगळ्यात खोल फटीवर इन्फो पॅनेल (F8) बघा. तिथे आकडे शून्याच्या आसपास हवेत. R १२, B २० असं काही दिसलं तर तेवढा धूर आहे. मग लालच्या कर्व्हचा पहिला बिंदू 0→0 च्या ऐवजी 12→12 ठेवा आणि पुढची पट तिथून मोजा: ६० च्या समोर १२ + ४८ × २.६८, म्हणजे १४१. हिरव्यालाही त्याच्या फटीतल्या आकड्याने असंच. गॅमामुळे ही वजाबाकी काटेकोर नाही, पण नजरेला पुरते. धूर फक्त एका बाजूला असेल तर दोन कर्व्ह लेयर करा आणि मास्क मध्ये मऊ जोडा.

नॉइज हा निळ्या बाजूचा खरा त्रास. तिथे लाल मुळात १० आहे. त्याला जवळजवळ तिप्पट केलं की त्यातला नॉइजही तिप्पट होतो आणि केसांत लाल ठिपके उठतात. उपाय Curves च्या आधी करायचा: कॅमेरा रॉमध्ये Color Noise Reduction ४० ते ५० पर्यंत न्या, फाइल 16 बिटमध्ये उघडा, आणि व्हाइट बॅलन्सने लाइटची झाक काढायचा मोह टाळा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली जेपीजी असेल तर ठिपक्यांच्या ऐवजी चौकोन दिसतील, कारण दाबताना रंगाची माहिती आधी उडवली जाते. त्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. फोटोग्राफरकडून रॉ मागवा, निदान मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

तुमच्या फोटोत निळा लाइट मागून आहे, म्हणून डोक्याच्या कडेचं वेगळं बघावं लागेल. काळ्या केसांतून उजेड आरपार जात नाही. कडेला जी बारीक निळी रेघ दिसते ती वरवरची चमक. कॉपर केसांतून मात्र थोडा उजेड पार होऊन येतो, आणि येताना केसाचा रंग घेऊन येतो. कर्व्ह ही चमक तयार करू शकत नाही, कारण मूळ फोटोत ती नाहीच. नवा रिकामा लेयर, मोड Linear Dodge (Add). रंग असा काढा: मागच्या दिव्याचा रंग समजा 60, 80, 255, तो कॉपरच्या १५८, ९३, ५९ ने चॅनेलनिहाय गुणून १५८ ने भागा. येतो 60, 47, 95, म्हणजे जांभळट राखाडी. मऊ ब्रश, फ्लो ५ टक्के, फक्त सुट्या बारीक केसांच्या पट्ट्यात, आणि लेयरची ऑपॅसिटी १५ ते २५ टक्के. इथे नारिंगी रंग भरायचा मोह होतो, कारण सूर्यास्ताच्या फोटोत तसं दिसतं. तिथे मागचा दिवा सूर्य असतो, इथे निळा एलईडी आहे.

झालेलं काम तपासायला गजऱ्यापेक्षा चांगलं साधन नाही. मोगरा पांढरा, त्यामुळे त्याच्यावर पडलेली झाक म्हणजे त्या जागच्या लाइटचा रंग, आणि तो केसांना अगदी चिकटून असतो. सगळ्यात वर एक तात्पुरता Curves लेयर घ्या, त्यातला राखाडी ड्रॉपर मजेंटा बाजूच्या फुलावर क्लिक करा, पण पार जळून पांढऱ्या झालेल्या पाकळीवर नको. मजेंटा उतरतो. त्या उजेडातले केस आता तांबूस दिसले पाहिजेत. चित्र कुरूप आणि दाणेदार दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका, फक्त छटा बघा. केस गुलाबी वाटले तर हिरव्याची पट वाढवा, ६० च्या समोर ९५ ऐवजी १०५ करून बघा. पिवळट वाटले तर उलट. मग तो लेयर डिलीट करून निळ्या बाजूच्या फुलावर तेच करा. गजरा नसेल तर पांढरा कुर्ता, खडे नसलेली चांदी, अगदीच नाही तर डोळ्याचा पांढरा भाग.

दोन्ही बाजू एकाच कर्व्हने जमल्या पाहिजेत. एका बाजूला एक आकडे आणि दुसरीला दुसरे द्यावेसे वाटले तर बहुतेक वेळा धूर तरी राहून गेलेला असतो, किंवा एखादा चॅनेल २५५ ला फुटलेला असतो. एलईडीच्या निळ्यात हे नेहमी होतं. तिथे निळ्याची खरी माहितीच नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात गणित चुकणार हे धरून चाला.

केस फार उजळ वाटले तर लेयरची ऑपॅसिटी ६० ते ७० टक्के करा, कॉपरचा ऑबर्न होतो आणि लाइट तसाच राहतो. केस आधीच रंगवलेले असतील, म्हणजे बरगंडीचे हनी ब्राउन करायचे असतील, तर काळ्याचा फायदा मिळत नाही. तिचा दिवसाच्या उजेडातला एखादा फोटो मिळवा आणि नव्या रंगाच्या आकड्यांना जुन्या रंगाच्या आकड्यांनी चॅनेलनिहाय भागा. तिथे एखादी पट १ पेक्षा कमी आली तरी चालते, फक्त तिला १ वर धरायचा हट्ट करू नका.

शेवटचा प्रश्न नेहमी गिऱ्हाइकाकडून येतो: "निळ्या बाजूला कॉपर दिसतच नाही." तेव्हा त्याच बाजूचा गाल बघा. गालावर त्वचेचा मूळ रंग थोडासुद्धा शिल्लक असेल तर तिथे लाल उजेड पोचतो आहे, आणि केसांत Color मोडचा तांबूस लेयर १० ते १५ टक्क्यांवर, तेवढ्याच पट्ट्यात, खपून जातो. गाल पूर्ण निळा असेल तर तिथे नारिंगी बट दाखवू नका. ती दाखवली की पुढची मागणी येते, की मग चेहरा निळा का.